सात मिनिटांचा व्हिडिओ असूनही डिपॉझिटमधले 35,300 रुपये कापले गेले

कोथरूडमधला टू बीएचके आम्ही बावीस महिने राहून सोडला. भाडं वीस हजार आणि डिपॉझिट साठ हजार. किल्ल्या दिल्या त्या संध्याकाळी घरमालक काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. रंगकाम 15,000, किचनच्या ट्रॉल्या 9,500, ओट्याच्या ग्रॅनाइटला तडा 6,000, कमोडचं सीट आणि फ्लश 2,800, साफसफाई 2,000. खाली बाकी: 24,700.

तडा आमचा नव्हता. सिंकच्या डाव्या कोपऱ्यातून भिंतीकडे गेलेली वीतभर रेघ. पहिल्याच आठवड्यात तिथे फडकं अडकलं होतं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलंही होतं, "इथे फुटलंय बघ." म्हटलं फक्त. लिहिलं कुठेच नाही.

मला वाटलं, आपल्याकडे व्हिडिओ आहे! राहायला गेलो त्या दिवशी मी सगळ्या खोल्यांतून फिरून सात मिनिटांचं शूटिंग केलं होतं आणि त्यावर फार खूश होते. रात्री लॅपटॉपवर लावून बघितलं. ओट्यावरून कॅमेरा दोन सेकंदांत सरकलाय, काळ्या ग्रॅनाइटवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा चकाकतोय आणि तडा नेमका त्या पट्ट्याखाली. भिंती सगळ्या स्वच्छ दिसतात, कारण पाच फुटांवरून कुठलीही भिंत स्वच्छच दिसते. थोडक्यात, माझा व्हिडिओ काकांच्याच बाजूने साक्ष देत होता.

मग करार काढला. त्यातल्या परिशिष्टात वस्तूंची यादी होती: पंखे 4, ट्यूब 6, गीझर 1, ट्रॉल्या 5. नुसती मोजदाद. गीझर टपकतो की नाही, ट्रॉली रुळावरून उतरते की नाही, याला त्यात जागाच नव्हती. वर आणखी एक वाक्य होतं, की जागा सुस्थितीत ताब्यात मिळाली हे आम्हाला मान्य आहे. कराराचा एजंट अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन रविवारी आमच्या जुन्या घरी आला होता. ताबा मिळायच्या चार दिवस आधी. म्हणजे जी जागा आम्ही धड दिवे लावूनही पाहिली नव्हती, ती सुस्थितीत मिळाल्याचं अंगठा लावून कबूल करून बसलो होतो.

काकांना फोन केला. आवाज अगदी प्रेमळ. "अगं, तू मला मुलीसारखी आहेस. तडा आधीचा असता तर तू तेव्हाच बोलली नसतीस का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते आमच्या कामवाल्या मावशींकडून. त्या त्याच इमारतीत आठ वर्षं काम करतात. ट्रॉल्यांचं ऐकून त्या हसल्याच. "ताई, त्या फुगलेल्या ट्रॉलीचे पैसे तुमच्या आधीच्या ताईंकडूनही कापलेत. बदलली कुठे? नुसता सनमायका चिकटवला." एकच ट्रॉली, दोन भाडेकरू, दोनदा वसुली. चुकून झालेला हिशोब नव्हता हा. पण मावशींचं बोलणं मी काकांसमोर कसं ठेवणार? त्यांना त्याच इमारतीत काम करायचंय.

त्या ट्रॉलीनेच शेवटी थोडं तारलं. जुने मेसेज वर सरकवत गेले, तर राहायला गेल्याच्या तिसऱ्या दिवशीचा माझा फोटो सापडला. "काका, सिंकखालचा पाइप गळतोय, ट्रॉलीचं प्लायवूड खालून फुगलंय. प्लंबर पाठवता का?" आणि त्यांचं उत्तर: "जुनंच आहे ते, वापरा बिनधास्त." स्क्रीनशॉट पाठवला. दीड दिवस शांतता, मग 9,500 खात्यात जमा. बाकीचे 25,800 गेले ते गेले. एवढ्या रकमेसाठी वकील गाठून कोर्टाच्या तारखा करणं परवडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सात मिनिटांच्या शूटिंगने जे जमलं नाही, ते एका तक्रारीने जमलं. त्यात दोष जवळून दिसत होता, तारीख होती आणि मुख्य म्हणजे समोरच्याचं उत्तर होतं. नव्या घरात शिरताना मी हेच धरून बसले.

टेम्पो दुपारी बोलावला आणि किल्ली सकाळीच घेतली. रिकाम्या घरात दिवसाउजेडी अडीच तास लागले. प्रत्येक भिंतीचा एक फोटो दारातून, मग त्या भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा जवळून, शेजारी शाळेची पट्टी धरून. जवळचा फोटो एकटा असला तर तो कुठल्या भिंतीचा हे कळत नाही, आणि लांबचा एकटा असला तर डागच दिसत नाही. ओट्यासाठी आणि ओल आलेल्या भिंतीसाठी मोबाइलची बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. तिरक्या उजेडात पोपडे, ओरखडे, तडे सावलीसकट उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट.

चालणारी प्रत्येक गोष्ट चालवून पाहिली. गीझर वीस मिनिटं लावला, फ्लश तीनदा ओढला, सगळे नळ एकदम सोडून सिंकखाली कोरडा कागद ठेवला. गीझरवरच्या स्टिकरचा सीरियल नंबर आणि विजेच्या मीटरचं रीडिंगही टिपलं.

यादीत "खराब" किंवा "ठीक" असं लिहिलं नाही. "छोटी बेडरूम, खिडकीखालची भिंत, जमिनीपासून साधारण 20 सेंमीवर तळहाताएवढा पोपडा, फोटो 31" असं लिहिलं. ठीक म्हणजे किती ठीक, यावर दोन वर्षांनी कोण भांडणार! शेवटी एक ओळ मुद्दाम घातली: ताबा मे महिन्यात घेतलाय, ओल आणि गळती पहिल्या पावसानंतर दिसेल ती कळवू, तीही या यादीचाच भाग धरावी. जूनमध्ये हॉलच्या कोपऱ्यात ओल उमटलीच.

फोटो त्याच दिवशी ईमेलने पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवले, पण डॉक्युमेंट म्हणून. नेहमीसारखे पाठवले की ते दाबले जातात आणि फोटोत साठवलेली तारीख-वेळ निघून जाते. यादीच्या दोन प्रती छापून नव्या मालकीणबाईंसमोर ठेवल्या. त्यांना थोडा राग आला. "एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "काकू, यात कमोडचं सीट नवं आहे हेही लिहिलंय. आम्ही मोडलं तर तुम्हालाच उपयोगी पडेल." त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, गीझरच्या रकान्यात स्वतःच्या हाताने "झडप बदलणे" लिहिलं आणि सही केली.

गेल्या महिन्यात जुन्या पत्त्यावर गेलेलं कुरिअर आणायला गेले होते. तिथे आता दोन मुली राहतात, नोकरीसाठी नागपूरहून आलेल्या. दार उघडणाऱ्या मुलीला म्हटलं, "ओट्यावर, सिंकच्या डाव्या बाजूला जरा बोट फिरवून बघ." रेघ तशीच होती, त्यात पांढरं सिमेंट भरलेलं. घर सोडताना मी काढलेले त्या तड्याचे फोटो, तारखेसकट, तिथेच जिन्यात उभ्या उभ्या तिला डॉक्युमेंट म्हणून पाठवले.