सेकंडहँड ओएलईडी टीव्ही घेताय? लाल स्क्रीन लावून बघा आधी

माझी फसवणूक झाली ती अशी. टीव्ही बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने जंगल-समुद्राचा झकास व्हिडिओ लावून ठेवलेला, मी हुशारी करून पांढरी स्क्रीन लावायला सांगितली, तीही स्वच्छ दिसली. मी खूश. घरी आणून रात्री लाल शर्टवाल्या माणसाचा क्लोजअप आला आणि खालून एक काळपट पट्टी, कोपऱ्यात चॅनलचा लोगो! फोन केला तर म्हणतो, "अहो ते इमेज रिटेन्शन आहे, चार दिवसांत जाईल."

आता इमेज रिटेन्शन खरंच असतं, एकच चित्र बराच वेळ राहिलं की त्याची सावली थोडा वेळ दिसते, मग आपोआप जाते. पण माझी पट्टी रात्रभर टीव्ही स्टँडबायवर ठेवूनही जशीच्या तशी. म्हणजे बर्न-इन. यात काही जळत नाही खरं तर, पिक्सेलमधलं सेंद्रिय मटेरियल वापराने झिजतं आणि जिथे जास्त झिजतं तिथे प्रकाश कमी पडतो. आधीच्या घरी दिवसभर न्यूज चॅनल, ब्राइटनेस फुल, खाली सरकत्या बातम्यांची लाल पट्टी. प्रत्येक पिक्सेलमध्ये वेगवेगळ्या रंगांचे छोटे भाग असतात, त्यांना सबपिक्सेल म्हणतात, त्यातले लाल सबपिक्सेल तेवढ्याच जागी झिजत गेले.

मग पांढऱ्यावर का नाही दिसलं? कारण माझं पॅनल डब्ल्यूओएलईडी, त्यात पांढऱ्यासाठी वेगळा चौथा सबपिक्सेल असतो, पांढरं चित्र मुख्यतः त्याच्यावरच चालतं. लालची झीज लपून राहते. हिरव्या जंगलात, निळ्या समुद्रात तर लाल जवळजवळ लागतच नाही, म्हणून तोच व्हिडिओ (आता कळतंय!). क्यूडी-ओएलईडी या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमध्ये हा पांढरा सबपिक्सेल नसतो, तिथे पांढरा रंग लाल-हिरवा-निळा मिळूनच होतो, त्यामुळे अशी झीज पांढऱ्यावरही रंगाच्या छटेसारखी दिसू शकते.

अजून एक खोदून विचारल्यावर कळलं, ते लोक रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचे. बिल वाचवायला. पण हे टीव्ही बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःच पॅनल तपासून भरपाई करतात, बरेचसे साधारण 4 तास वापर झाला की. वीजच तोडली तर ते होतच नाही.

मेनूतलं पिक्सेल रिफ्रेश मी दोनदा चालवलं, तासभर लागतो. पट्टी थोडी मऊ झाली, लोगो गेला नाही, झिजलेलं मटेरियल परत येत नाही ना, फक्त त्या पिक्सेलला जास्त करंट देऊन बरोबरी साधली जाते. सारखं चालवू नका.

बघायला जाल तर पेनड्राइव्हवर पूर्ण लाल, हिरवा, निळा, राखाडी असे साधे फोटो न्या, खोली अंधारी करायला सांगा, मग एकेक लावून बघा. मी नेले नव्हते, त्यामुळे आता मॅच बघताना लाल जर्सीवाला कोपऱ्यात गेला की त्याच्या पाठीवर न्यूज चॅनलचा लोगो.