15डब्ल्यू-40 का 5डब्ल्यू-40? थंडीसाठी ऑइल बदलायचं का नाही

डिसेंबरात मेहुण्याचा फोन आला, दाजी, जानेवारीत गाडी घेऊन स्पितीला चाललोय, ऑइल बदलू का? गाडी नाशिकची, जुनी डिझेल, आत 15डब्ल्यू-40 ग्रेडचं इंजिन ऑइल आणि मॅन्युअलमध्ये 15डब्ल्यू-40 आणि 5डब्ल्यू-40 दोन्हीला परवानगी. म्हणजे निवड या दोघांतच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. डब्ल्यू म्हणजे वेट असं गॅरेजवाले बिनधास्त सांगतात, तो विंटरचा डब्ल्यू आहे. मागचा 40 दोन्हीत सारखाच, म्हणजे इंजिन तापून ऑइल 100 डिग्रीला पोचलं की दोघं एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे 5 वालं गरम झाल्यावर पातळ पडेल ही भीती इथे नाही. फरक सगळा सकाळचा.

थंडीत ऑइल घट्ट का होतं तर रेणूंची हालचाल मंदावते आणि ते एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, वर मिनरल ऑइलमध्ये थोडं मेण असतं ते अजून थंडी पडली की जमायला लागतं. दुपारी गाडी चालवून आल्यावर डिपस्टिक काढा, ऑइल पाण्यासारखं ओघळतं. तीच डिपस्टिक पहाटे काढली की टोकाला जाड थेंब लोंबत राहतो, पडतच नाही.

मग पुढचा आकडा काय सांगतो? ते डिग्री नाहीत, पण सोपा हिशोब आहे, आकड्यातून 35 वजा करा. 15 मधून 35 गेले की उणे 20, 5 मधून गेले की उणे 30. त्या तापमानाला लॅबमध्ये बघतात की ऑइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट तर नाही, म्हणजे स्टार्टरला इंजिन फिरवता येईल का. दुसरी टेस्ट त्याच्याही 5 डिग्री खाली होते आणि ती पंपाची असते. माझ्या मते खरी महत्त्वाची हीच, कारण समजा बॅटरी दणकट आहे, इंजिन सुरू झालं, पण ऑइल थिजल्यासारखं असेल तर पंपाच्या जाळीपाशी असलेलं तेवढं ओढलं जातं, तिथे खड्डा पडतो, बाजूचं ऑइल सरकून तो भरत नाही आणि पंप हवा ओढतो, इंजिन चालू आणि बेअरिंग कोरडी! म्हणून पंपाची मर्यादा मुद्दाम खाली ठेवलीय, जिथवर इंजिन सुरू होतंय तिथवर ऑइल पोचलंच पाहिजे.

आता निफाडच्या गारठ्यात, 5 डिग्री धरा, 15डब्ल्यू ला काहीही प्रॉब्लेम नाही, मर्यादेपासून 25 डिग्री लांब आहे. स्टार्टर जरा जड फिरेल, वरचा टकटक आवाज दोन-तीन सेकंद जास्त येईल, संपलं. 5डब्ल्यू ने तो आवाज लवकर जाईल, पण तेवढ्यासाठी महाग ऑइल घ्यायचं का? मी तरी नाही घेणार. सातारा, पुणे, महाबळेश्वर, सगळीकडे हेच.

स्पितीतल्या काझाला गोष्ट वेगळी. जानेवारीत रात्री पारा उणे 20 च्या खाली जातो, म्हणजे 15डब्ल्यू अगदी काठावर, आणि ती टेस्ट कोऱ्या ऑइलची असते. मेहुण्याच्या गाडीतलं आठ हजार किलोमीटर चाललेलं, काजळी खाऊन आधीच जाड झालेलं. शिवाय थंडीत बॅटरीचा जोरही कमी होतो, म्हणजे ओढायला जास्त आणि ओढणारा अशक्त. तिथे 5डब्ल्यू-40 च, प्रश्नच नाही.

त्याला पटेना म्हणून दोन छोट्या बाटल्यांत दोन्ही ऑइलं घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला लावली (झाकण घट्ट, पिशवीत, नाहीतर त्याच्या बहिणीच्या शिव्या मलाच). फ्रीजर साधारण उणे 18 असतो. सकाळी आडवी केल्यावर 15 वालं काकवीसारखं सावकाश सरकलं, 5 वालं त्याआधीच टोकाला जाऊन बसलं होतं. लगेच कॅन आणायला निघाला.

सकाळी सुरू केल्यावर ऑइलच्या दिव्याकडे बघायचं हे मात्र त्याला बजावलंय. दोन-चार सेकंदांत विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच इंजिन बंद, रेस देऊन ऑइल वर चढवायचा प्रयत्न अजिबात नाही. आणि मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-40 लिहिलेलंच नसेल तर हा सगळा हिशोब तुमच्या गाडीला लागू नाही, विशेषतः बीएस6 डिझेल गाडीत धुरातल्या काजळीच्या फिल्टरसाठी कमी राखेचं ऑइल लागतं, तिथे डब्ल्यू च्या आधी ते स्पेसिफिकेशन जुळवा.

अजून एक, टाकीत नाशिकचं डिझेल घेऊन वर जाऊ नका, ऑइल पातळ राहील पण डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये जमून गाडी तिथेच उभी राहील.