लेआउटचं कॅड ड्रॉइंग नकाशावर बसवताना: क्यूजीआयएस काही महिने वापरल्यावर

सांगलीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी बिनशेती लेआउटचे नकाशे करतो. उन्हाळ्यापासून क्यूजीआयएस वापरतोय. नकाशे करायचा हा प्रोग्राम फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी एकाच कामाबद्दल लिहितोय: कॅडमधलं लेआउट नकाशावर त्याच्या खऱ्या जागी बसवणं. या कामासाठी मी आता दुसरं काही उघडत नाही.

कॅडमधून काढलेली डीएक्सएफ फाइल खिडकीत ओढून टाकली की उघडते. Layer नावाच्या रकान्यात कॅडमधल्या लेयरची नावं येतात, त्यावरून प्लॉट, रस्ते, ओपन स्पेस वेगळे काढता येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी मात्र वाचता येत नाही, ती परत टाइप करावी लागते.

खरं काम पुढे आहे. आपल्याकडे येणाऱ्या डीएक्सएफमध्ये आकडे असतात, पण ते जागा सांगायच्या कुठल्या पद्धतीतले हे सहसा लिहिलेलं नसतं. अशा वेळी बरेच जण सवयीने EPSG:32643 हा पद्धतीचा कोड देऊन मोकळे होतात. सांगली-साताऱ्यासाठी तो बरोबरच आहे: यूटीएम ही जगाचे सहा-सहा अंशांचे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत, आणि हा तिचा 43 उत्तर झोन. पण ड्रॉइंगमधले आकडे मुळात त्या झोनमधले असले तरच. म्हणून आधी लेयरच्या Properties मध्ये Information उघडून Extent, म्हणजे ड्रॉइंग कुठून कुठपर्यंत पसरलंय, ते बघावं. सांगली शहराजवळ पूर्वेचा आकडा साधारण 4,55,000 आणि उत्तरेचा 18,63,000 असतो. साताऱ्यात ते साधारण 3,96,000 आणि 19,55,000 होतात. आकडे याच्या आसपास असतील तर 32643 द्या, काम झालं. तेच आकडे ठेवून चुकून 44 झोन दिला, तर सांगलीचं लेआउट सहा अंश पूर्वेला, विजयवाड्याच्या उत्तरेला जाऊन बसतं.

कुपवाडच्या बाजूच्या एका लेआउटचा Extent 0 ते 2,84,000 आला. सहा आकडी संख्या, त्यामुळे यूटीएमच वाटते. पण मीटर धरले तर लेआउट 284 किलोमीटर रुंद होतं. म्हणजे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं, शिवाय शीटवर नीट मावावं म्हणून फिरवून शून्यावर आणलेलं. अशा ड्रॉइंगला कुठलाही कोड दिला तरी ते जागेवर येणार नाही. त्याला जमिनीवरचे बिंदूच लागतात.

आम्ही हद्दीच्या चार दगडांवर जीएनएसएस रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, लावला, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या कायम केंद्रांच्या नेटवर्कवरून दुरुस्ती घेऊन. सॅटेलाइट चित्रावरून कोपरे उचलण्याचा मोह टाळावा, ते चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. मग Layer मेनूतल्या Georeferencer मध्ये ड्रॉइंग उघडलं (व्हेक्टर फाइल इथे 3.26 आवृत्तीपासून चालते), चारही कोपऱ्यांचे आकडे भरले आणि पद्धत Helmert निवडली. ही पद्धत सरकवते, फिरवते आणि सगळीकडे सारख्याच प्रमाणात लहान-मोठं करते, काटकोन बिघडू देत नाही. Polynomial 1 ने तीन बिंदूंवर मोजलेली जागा आणि बसलेली जागा यांतला फरक शून्य दिसतो, पण तीन बिंदू ती कसेही जुळवून घेते, त्यामुळे त्या शून्याला अर्थ नाही.

Helmert मध्ये आग्नेयेच्या दगडाचा फरक बाकीच्यांपेक्षा बराच मोठा दिसला. तो वगळल्यावर उरलेले तिन्ही दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आले. जागेवर चौकशी केली, तर गटार खोदताना तो दगड हलवून परत लावला होता. पॉलिनॉमिअलने हे झाकून प्लॉट तिरके केले असते.

स्केल 0.0009995 आलं. एक हजारांश म्हणजे मिलिमीटरचे मीटर. उरलेला थोडासा फरक यूटीएमचा आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीचा. सांगलीत जमिनीवरचे 100 मीटर यूटीएमच्या जाळीवर साडेचार सेंटिमीटरने कमी भरतात. स्केल 0.3048 च्या आसपास आलं असतं तर ड्रॉइंग फुटात आहे असं समजायचं.

एक तक्रार आहे. Set Layer CRS आणि Export मधलं Save Features As या दोन गोष्टींतला फरक प्रोग्राम नवख्याला पुरेसा समजावत नाही. पहिली फक्त सांगते की हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत, आकडे तसेच राहतात. दुसरी आकडे बदलून नवी फाइल करते. ग्राहकाला गुगल अर्थसाठी केएमएल हवी असेल, तर लेयर 32643 वरच ठेवून दुसऱ्या वाटेने EPSG:4326 मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशात, काढावी. Set Layer CRS ने 4326 दिलं की प्रोग्राम 4,55,000 मीटरला 4,55,000 अंश समजतो आणि लेआउट नकाशावरून नाहीसं होतं.

विक्रीच्या प्लॉटचं क्षेत्रफळ मी अजूनही मूळ कॅडमधूनच घेतो. जाळीवरच्या आकड्यांनी ते दोन हजार चौरस फुटांत जवळपास दोन फूट कमी येतं, आणि खरेदीखतात तो आकडा चालणार नाही.