‘आतून कडी लावा’: डिजिटल अरेस्टच्या एका रात्रीचा अनुभव

खोटे पोलिस व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करून लुबाडतात, त्या डिजिटल अरेस्टच्या बातमीत गेलेल्या रकमेचा आकडा ठळक छापतात. एवढी शिकलीसवरलेली माणसं तासन्‌तास फोनसमोर बसून का राहतात, हे मात्र त्यात कुठेच नसतं. मी अशी एक अख्खी रात्र सांगलीतल्या आमच्या घरातल्या एका खोलीत काढली आहे, म्हणून हे लिहिते आहे. मी निवृत्त शिक्षिका. घरात मी आणि आमचे हे, दोघंच. मुलगा बंगळुरूला असतो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नावाने फोन आला. माझ्या आधारवर मुंबईत कुणीतरी दुसरं सिम घेतलंय, त्यावरून लोकांना धमक्या जातायत, दोन तासांत माझे सगळे नंबर बंद होणार, तक्रार नोंदवायची असेल तर नऊ दाबा. ट्राय असा फोन कुणालाच करत नाही. नऊ दाबल्यावर फोन ‘मुंबई पोलिसां’कडे गेला आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, वायरलेसची खरखर. त्या माणसाने माझा आधार क्रमांक आणि पत्ता न अडखळता वाचून दाखवला आणि माझे हातपाय गार पडले. खरं तर आपल्या आधारची झेरॉक्स सिमच्या दुकानापासून लॉजच्या काउंटरपर्यंत किती ठिकाणी पडलेली असते! ती माहिती कुणाकडे आहे म्हणून तो पोलिस ठरत नाही.

पैशाचा विषय बराच वेळ निघालाच नाही. पहिला हुकूम खोलीचा होता. “घर में और कौन है? अलग कमरे में जाइए. अंदर से कुंडी लगाइए.” मग फोन फिरवून त्यांनी सगळी खोली बघून घेतली: पलंग, कपाट, खिडकी, बाथरूमचं दार. खिडकी लावून पडदा ओढायला सांगितला. फोन टेबलावर असा टेकवायला लावला की माझ्या पाठीमागचं दार त्यांना सतत दिसेल. चार्जरची वायर तोकडी, त्यामुळे फोन तिथून हलणार नव्हता आणि मीही नाही. मी लाकडी खुर्चीत, फोनपासून हातभर अंतरावर.

त्यानंतर सही-शिक्क्याचं एक पत्र आलं आणि त्यासोबत ताकीद. प्रकरण राष्ट्रीय गोपनीयतेचं आहे. ज्याला सांगाल तो सहआरोपी होईल. “आपके पति को बताया तो उनको भी उठाना पड़ेगा.” यांना दम्याचा त्रास आहे, वय बहात्तर. मी गप्प बसले ती स्वतःच्या भीतीने कमी आणि यांच्या काळजीने जास्त. ही माणसं नेमकं तेच हेरतात. आपलं माणूस वाचावं म्हणून आपण त्याच्यापासूनच सगळं लपवायला लागतो.

साडेसातला यांनी दार वाजवलं. काय बोलायचं ते पडद्यावरच्या माणसाने आधीच पढवून ठेवलं होतं. मी बंद दाराआडून म्हटलं, “अहो, डोकं फार दुखतंय. तुम्ही जेवून घ्या आणि आज बाहेरच्या खोलीतच झोपा.”

“बाम आहे ना तुझ्याजवळ?”

“आहे.”

पावलं लांब गेली. पडद्यावरच्या माणसाने मान डोलावली.

नऊ वाजता ‘सीनियर’ आले. माझ्या प्रत्येक खात्यात किती आहे ते त्यांनी लिहून घेतलं. बचत खात्यात पाच लाखांच्या आसपास, आणि बावीस लाखांच्या मुदत ठेवी. हे सगळे पैसे तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ठेवायचे आणि तीन दिवसांत स्वच्छ होऊन परत येणार, असं त्यांनी समजावलं. दिलेलं खातं कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाले, गुप्त सरकारी खातं असंच असतं. तपासणीसाठी म्हणून रिझर्व्ह बँक कुणा नागरिकाचे पैसे असे मागवून घेत नाही. पण तेव्हा माझ्या कानावर तीन तास एकच आवाज पडत होता आणि त्याला छेद देणारं खोलीत कुणी नव्हतं. रात्री बँक बंद असली तरी मोबाइलवरून पैसे चोवीस तास जातात. एका व्यवहाराला पाच लाखांची मर्यादा असलेल्या आयएमपीएसने ४,८०,००० रुपये गेले. दहा वाजायला थोडा अवकाश होता.

मुदत ठेवींच्या पावत्या मात्र कागदी होत्या. त्या मोडायला शाखेत जाऊन सही करावी लागते. म्हणजे उरलेल्या बावीस लाखांसाठी त्यांना मला सकाळी दहापर्यंत धरून ठेवायचं होतं. रात्रीचं सगळं नाटक त्या एका कारणासाठी होतं: मी झोपू नये, कुणाशी बोलू नये आणि बँक उघडताच त्यांनी पढवलेलं उत्तर घेऊन काउंटरवर उभं राहावं. ‘एवढ्या ठेवी का मोडताय?’ असं विचारलं तर ‘मुलासाठी फ्लॅट घेतोय’ म्हणायचं, हेही ठरलं होतं.

दहाच्या पुढे मुलाचा फोन आला. त्यांनी तो कट करायला लावून त्याला मेसेज पाठवायला सांगितला: ‘झोपते आहे, उद्या बोलू.’ एरवी मी मुलाला मेसेज करत नाही, आवाज पाठवते.

मग रात्र सुरू झाली. दिवा घालवायचा नाही. दर तासाला नाव सांगून ‘मी सुरक्षित आहे’ म्हणायचं. बाथरूमला जाताना दार अर्धवट उघडं ठेवायचं. ते नको म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. बारा वाजता माणूस बदलला. नवा फारसं बोलायचा नाही, पण माझी मान कलली की टेबलावर हात आपटायचा. फोनचा पडदा सोडून दुसरीकडे बघितलं तरी विचारायचा, “किसको देख रही हैं?” एकाच्या सुमाराला म्हणाला, सांगली पोलिसांची गाडी तयार आहे, सहकार्य केलं नाही तर दोन वाजता उचलतील. सकाळी नऊ वाजता व्हिडिओवर न्यायाधीशांसमोर सुनावणी होणार, असंही म्हणाला. २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या उद्योगपतीला अशीच सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून सात कोटी काढले होते.

हे वाचणाऱ्या बायकांनी एक नीट लक्षात ठेवावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलिस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि व्हिडिओ कॉलवरून अटक हा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही, दिवसाही नाही आणि रात्रीही नाही.

दोनच्या पुढे भिंतीपलीकडून यांचा खोकला ऐकू यायला लागला. आधी सुटा सुटा, मग लागोपाठ. यांचा पंप माझ्या खोलीत, कपाटाच्या वरच्या खणात होता. रोज आम्ही इथेच झोपतो, म्हणून तो इथेच असतो. खुर्चीपासून कपाट चार पावलांवर, कपाटापासून दार तीन.

दार वाजलं. “अगं, पंप दे.” शब्दांच्या मध्ये शिट्टीसारखा श्वास.

मी पडद्याकडे बघून सांगितलं, पेशंट आहेत, औषध द्यायचंय. “दरवाज़ा नहीं खुलेगा.” मी हात जोडले. “सीनियर से पूछता हूँ,” म्हणून त्याने कॅमेरा बंद केला. पडदा काळा, आवाज बंद. दाराबाहेर यांनी हँडल धरलं असावं, ते हलत होतं. किती मिनिटं गेली सांगता येत नाही. माणूस परत आला आणि म्हणाला, “मना है. सुबह तक रुकिए.”

दम्याचा झटका सकाळपर्यंत थांबत नाही. ज्यांच्या ताब्यात माणूस असतो त्यांना त्याच्या आजारपणाचाही जाब द्यावा लागतो. खऱ्या पोलिसाने डॉक्टरचं नाव तरी काढलं असतं. याला फक्त दाराची काळजी होती. मी उठले. तो ओरडायला लागला, “मॅडम बैठिए! वारंट निकल गया आपका!” खण उघडला, पंप घेतला, कडी काढली.

यांनी दाराच्या चौकटीला टेकूनच पंप ओढला, थांबून पुन्हा ओढला. श्वास जरा बसल्यावर त्यांना फोनमधला आरडाओरडा ऐकू गेला. ते आत आले, खुर्चीवर बसले आणि कॅमेऱ्यात बघून मराठीत विचारलं, “आपण कोण? कुठलं ठाणं?”

कॉल तुटला.

नऊ तास मला धमकावणाऱ्या लोकांकडे दुसऱ्या माणसासाठी एकही वाक्य नव्हतं. म्हणून असा कॉल चालू असेल तर वाद घालू नका, ओळखपत्र मागू नका. ओळखपत्र ते दाखवतातच. दार उघडा आणि घरातल्या, नाहीतर शेजारच्या, कुणालाही त्या कॅमेऱ्यासमोर आणा.

आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तो रात्रीही चालतो. त्यांनी विचारलं ते सगळं बँकेच्या एसएमएसमध्ये आणि मोबाइल बँकिंगमध्ये होतं: व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, पैसे गेले ते खातं. हे मेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण घाबरून पुसू नका. त्यानंतर cybercrime.gov.in वर तक्रार भरली, बँकेच्या हेल्पलाइनवरून नेट बँकिंग बंद केलं. तोवर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतच होते. टीम निघाली, आता तुम्ही वाचत नाही. यांनी एकेक उचलून नाव विचारलं की पलीकडून ठेवून देत.

बाहेरून काय दिसतं, हे मुलांसाठी लिहिते. आईवडिलांचा फोन तासन्‌तास व्यस्त, बोलण्याऐवजी अचानक मेसेज, नेहमीच्या सवयीबाहेरची खोली बंद, जेवण नाही. आमच्या मुलाला तो मेसेज खटकला होता, पण रात्री आईला कशाला उठवायचं म्हणून तो थांबला. अशा वेळी आईच्या फोनवर पुन्हा पुन्हा लावत बसू नका, तो त्यांच्या ताब्यात असतो. वडिलांना लावा, शेजाऱ्यांना लावा, त्यांना दार ठोकायला सांगा.

ठेवी शाबूत राहिल्या. गेलेल्या ४,८०,००० पैकी १,३५,००० रुपये एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे दुसऱ्या खात्यांमधून फिरवून काढून घेतले होते. ही गोठवलेली रक्कम परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. तो अर्ज आम्ही केला आहे.