चकलीची भाजणी बाजारात आणताना: आधी सवलत की आधी छोटं पाकीट?

घरगुती पातळीवर चकलीची भाजणी विकायला काढायची असेल, तर चार आठवडे पंचांगानेच आखून दिलेले असतात. घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हा साधारण महिनाभराचा काळ. त्यात दसरा दहाव्या दिवशी येतो, कोजागरी पुढच्या पाच दिवसांत आणि त्यानंतर दिवाळीला पंधरवडा उरतो. प्रश्न एवढाच, की या दिवसांत सुरुवातीची किंमत कशी ठेवायची. रस्ते दोन आहेत. पहिल्यात अर्ध्या किलोचं पाकीट कोजागरीपर्यंत सवलतीत विकायचं. दुसऱ्यात आधी 200 ग्रॅमचं छोटं पाकीट द्यायचं आणि मोठ्याची किंमत पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवायची.

आकडे मांडून बघू. समजा 50 किलो माल आहे. अर्ध्या किलोला धान्य, भाजणं, दळण आणि मजुरी धरून 80 रुपये पडतात, पाकीट-लेबलाचे 10, म्हणजे 90. छापील किंमत 160. सवलतीत 120 ला दिलं तर पाकिटामागे 30 सुटतात, पूर्ण किमतीला 70. शंभर पाकिटांतली 60 सवलतीत आणि 40 पूर्ण किमतीत गेली तर हातात 4,600 राहतात. दुसऱ्या रस्त्यात 10 किलोची 50 छोटी पाकिटं होतात. प्रत्येकी खर्च 40, किंमत 65, सुटतात 1,250. उरलेली 80 मोठी पाकिटं पूर्ण किमतीत गेली तर 5,600. एकूण 6,850. पण हे सगळा माल संपला तर. मोठी 14 पाकिटं पडून राहिली की दोन्ही रस्ते जवळपास सारखेच होतात, कारण दिवाळी उलटल्यावर चकलीच्या भाजणीला कोण विचारतं? हा हिशेब थेट विक्रीचा आहे. दुकानदाराला 20 टक्के द्यायचे असतील तर 120 च्या पाकिटावर तुमच्याकडे जेमतेम 6 रुपये राहतात. सवलत दुकानात ठेवूच नका.

छोटं पाकीट 100 ग्रॅमचं का नाही? त्यात दहा-बारा चकल्या होतात आणि तेवढ्यासाठी कुणी कढईभर तेल तापवत नाही. पाकीट डब्यात पडून राहतं. 200 ग्रॅममध्ये वीस-पंचवीस होतात, म्हणजे एक घाणा नीट निघतो आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला लागतात.

पहिला आठवडा नवरात्राचा. अनेक घरांत उपास असतात, त्यामुळे या दिवसांत चव घ्यायला माणसं मिळत नाहीत, दाखवायचं काम मात्र करता येतं. ‘काहीतरी खास येतंय’ असं कोडं घालणं नावाजलेल्या कंपनीला परवडतं. तुमच्या ओळखीच्या तीनशे माणसांना त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा हरभरा डाळ भाजताना रंग कुठे थांबवायचा, याची वीस सेकंदांची चित्रफीत टाका. रोज एक, आणि शेवटी ऑर्डर कधीपासून घेणार ती तारीख. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून तारीख रोज पुन्हा लिहावी लागते. ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही. जुन्या ग्राहकांना आधी नंबर सेव्ह करायला सांगा, मगच यादी करा. हे दोन्ही रस्त्यांना सारखंच लागू आहे.

दसऱ्याला विक्री उघडते आणि फरक दिसायला लागतो. सवलतीचा रस्ता घेतलात तर पाकिटावर 160 च छापा आणि 120 वेगळं लिहा. कमी किमतीचं स्टिकर लावायचं तर ते मूळ छापील किमतीवर चिकटवता येत नाही, ती दिसली पाहिजे. 200 छापून ‘160 मध्ये’ म्हणण्याचा मोह टाळा, शेजारणीला लगेच कळतं. सवलत ‘पहिल्या 60 जणांना’ अशी ठेवली की ‘मी कालच मेसेज केला होता’ यावरून वाद होतात. ‘कोजागरीपर्यंत’ हे बरं, त्यात वादाला जागा नाही. एक अडचण मात्र राहतेच: ज्यांनी 120 ला घेतलं, त्यांना पुढच्या वर्षी 160 म्हणजे तिसऱ्या हिश्शाने महाग वाटतं.

सवलतीच्या रस्त्याची खरी गोची अभिप्रायात आहे. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं पाकीट लोक दिवाळीच्या आदल्या चार दिवसांसाठी ठेवून देतात. विक्री होते, पण चकली कशी झाली हे तुम्हाला कळतं तेव्हा हंगाम संपलेला असतो. छोटं पाकीट मात्र बघण्यासाठीच घेतलेलं असतं, म्हणून दसऱ्याला दिलेलं कोजागरीपर्यंत बऱ्याच घरांत तळून होतं. हातात पंधरा दिवस राहतात.

अभिप्राय मागताना ‘कशी वाटली?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच येतं. पाणी किती घातलं, मोहन किती, आणि चकली पाडताना तुटली की तळताना विरघळली, हे विचारा, फोटोही मागा. भाजणीची गंमत अशी, की अर्धी कृती ग्राहकाच्या हातात असते आणि बोल मात्र पिठाला लागतो. सोऱ्यातून तुटत असेल तर पीठ बहुधा कोरडं भिजलंय. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त. खाताना दात दुखावेत इतकी कडक असेल तर मोहन कमी. पण वीसातल्या चार-पाच जणी ‘तुटते’ म्हणाल्या, तर प्रत्येक दळणातलं राखून ठेवलेलं एक पाकीट काढा आणि पाकिटासोबत दिलेल्या कृतीच्या चिठ्ठीवरचं प्रमाण शब्दशः पाळून घाणा करा. नीट झाली तर चिठ्ठी बदला: ‘अंदाजे पाणी’ काढून वाटीचं माप लिहा. तुमचीही तुटली तर दळण जाड आलंय किंवा उडीद डाळ कमी पडलीय, आणि उरलेला माल दळायच्या आत हे समजणं हाच छोट्या पाकिटाचा सगळ्यात मोठा फायदा. म्हणून पन्नास किलो एकदम दळू नका. आधी छोट्या पाकिटांपुरतं दळा.

चांगल्या अभिप्रायाबद्दल वीस रुपये परत, असला उद्योग करू नका. पैसे किंवा वस्तू देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. पाकीट फुकट दिलं असेल आणि त्या व्यक्तीने समाजमाध्यमावर लिहिलं, तर भेट मिळाल्याचं तिने तिथेच सांगायला हवं. म्हणूनच छोटं पाकीट विकत द्या. पैसे मोजलेल्या माणसाचं मत जास्त खरं असतं. तुटलेल्या चकलीचा फोटो आणि त्याखाली पाण्याचं सुधारलेलं माप, दोन्ही स्टेटसवर ठेवा. पाच-सहा ‘मस्त’पेक्षा त्याने ऑर्डरी जास्त येतात.

तरीही सवलतीचा रस्ता काहींना सोयीचा आहे. गेल्या वर्षी तुमची भाजणी घेतलेली ऐंशी-नव्वद घरं असतील, तर त्यांना चव माहीत आहे, चाखायला कशाला द्यायची? सवलतीने धान्याचे पैसे लवकर मोकळे होतात. हाताखाली माणूस नसेल तरीही हाच बरा, कारण 50 छोटी पाकिटं वजन करून सील करणं म्हणजे अर्धा दिवस जातो. मात्र पहिल्यांदाच उतरताय, किंवा या वर्षी धान्याचं प्रमाण बदललंय, तर छोटं पाकीट.

चौथ्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका. बाहेरगावच्या ऑर्डरी वसुबारसेच्या आठवडाभर आधी बंद करा, कारण या दिवसांत कुरियर उशीर करतो आणि लक्ष्मीपूजनाला पोचलेली भाजणी कुणाच्या कामाची नसते. वसुबारसेला दहा पाकिटं उरली असतील तर ती दुकानात 20 टक्के सोडून द्या. 160 चे 128 हातात पडतात, म्हणजे तिथेही 38 सुटतातच.