आत्यासाठी कोल्हापुरी: पायाचा माप-कागद की बदलीची बोली?

नागपूरच्या आत्याला कोल्हापुरी पाठवायची होती, नंबर माहीत नव्हता. तिच्या सुनेकडून पायाचा माप-कागद मागवला: आत्या उभी, पेन्सिल सरळ. पेन्सिल आत कलली की पाऊल अरुंद उमटतं. फोटोत माप बदलतं, म्हणून कागदच टपालानं आला. टाच ते लांब बोट २४.३ सेंटिमीटर. कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारातल्या कारागिरानं तो कागद चपलेच्या तळावर ठेवून जोड निवडला.

पण कागदाला पायाची उंची कळत नाही, आणि कोल्हापुरीचा पट्टा तिथंच काचतो. त्यासाठी जोड बदलून देण्याची बोली हवी, तीही बिलावर लिहून: किती दिवस, टपालखर्च कुणाचा. जोड सतरंजीवरच घालून बघायचा. तळ मळला की कुणी परत घेत नाही.

मी कागदावरच जास्त भरवसा ठेवते. मापाप्रमाणे खास शिवून घेतलेला जोड मात्र सहसा बदलून मिळत नाही, म्हणून तयारच घेतला.