चॅटबॉटचा 81 टक्के ‘रिझॉल्व्हड’ आकडा दाखवून आमच्याकडून 1,84,872 रुपये घेतले

आमचा जालन्यात शेतीपंपाच्या मोबाईल स्टार्टरचा धंदा आहे. तक्रारींसाठी व्हॉट्सॲपवर चॅटबॉट बसवून घेतला. सेटअपचे 75,000, शिवाय सुटलेल्या प्रत्येक तक्रारीमागे 18 रुपये. मे, जून, जुलैचे 1,09,872 झाले. एकूण 1,84,872, जीएसटी वेगळा. ‘तक्रार सुटली तरच पैसे द्या’ हे ऐकूनच आम्ही सही केली, आणि नेमकं तिथंच गाडलं गेलो.

जुलैचा रिपोर्ट असा होता: 2,600 चॅट, कंटेनमेंट 88 टक्के, रिझोल्यूशन 81 टक्के. कंटेनमेंट म्हणजे चॅट माणसापर्यंत न जाता बॉटकडेच संपली. शेतकऱ्याचं काम झालं की तो वैतागून निघून गेला, हे त्या आकड्यात कुठंच नसतं. ‘माणसाशी बोला’ हे बटण तिसऱ्या मेनूत लपवलं की हा आकडा आपोआप वर जातो, आणि आमच्या बॉटमध्ये ते तिथंच होतं.

रिझोल्यूशनचा प्रकार याहून वाईट. करारात नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं की ग्राहकानं 24 तासांत पुढचा मजकूर पाठवला नाही तर तक्रार सुटली असं धरायचं. व्हॉट्सॲपवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तासच मोकळं उत्तर देता येतं, त्या नियमाशी हे जुळतं म्हणून आम्हाला ते तांत्रिक कलम वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. गप्प बसलेला माणूस म्हणजे समाधानी माणूस, असं बिल कुणी लावेल हे डोक्यात येणार कसं?

एक चॅट सांगतो. रात्रपाळीची लाईट, शेतकरी विहिरीवर. त्यानं लिहिलं, ‘ड्राय रन दाखवतंय, विहिरीत पाणी हाय.’ बॉटनं व्हिडिओची लिंक दिली. शेतकऱ्यानं व्हॉइस नोट पाठवली: जुनी 5 एचपीची मोटर जळाली, आता 3 एचपीची बसवलीय. दुखणं तेच होतं. पॅनलमध्ये अँपिअरची खालची मर्यादा 5 एचपीची, लहान मोटर तेवढा करंट ओढतच नाही, मग पॅनलला वाटतं पाणी संपलं. मर्यादा कमी केली की काम झालं. पण बॉटला आवाज वाचता येत नव्हता. व्हॉइस नोट मजकुरात धरली जात नव्हती, म्हणजे हिशोबात शेतकरी गप्पच. 24 तासांनी शिक्का बसला, ‘रिझॉल्व्हड’. आमचे 18 रुपये गेले आणि त्या माणसाचं पाणी राहिलं.

कळायला हवं होतं ते जूनमध्येच. सर्व्हिस टेबलवरच्या ताई म्हणाल्या, ‘दादा, बॉट एवढ्या तक्रारी सोडवतोय तर आपले फोन कमी का होईनात?’ मी व्हेंडरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘सर, सीझन आहे, पेरणीमुळं फोन वाढलेत, बॉट नसता तर दुप्पट आले असते.’ पेरणी खरंच चालू होती. त्यामुळं मी गप्प बसलो. आज तो क्षण आठवला की अंगाची आग होते. त्या दिवशी दोन याद्या शेजारी ठेवल्या असत्या तर निदान जुलैचं बिल तरी वाचलं असतं.

शेवटी ऑगस्टमध्ये तेच केलं. जुलैच्या सुटलेल्या चॅटमधून कशाही 200 उचलल्या, पूर्ण वाचल्या आणि मोबाईल नंबर आमच्या फोन रजिस्टरशी ताडून पाहिले. 71 जणांनी सात दिवसांत त्याच बिघाडासाठी फोन केला होता. 29 जणांनी माणूस मागितला होता, बॉटनं उलट प्रश्न विचारला आणि ते निघून गेले. 17 नुसते ‘हाय’ म्हणाले होते. खरं काम झालेले 83. हेच प्रमाण धरलं तर जुलैचं बिल सोळा हजारांच्या आत यायला हवं होतं. आम्ही भरले 37,980.

समाधानाचे तारे दाखवले तर ते कुणाला विचारले ते आधी विचारा. आमच्यात फक्त ‘माझं काम झालं’ दाबणाऱ्यालाच विचारत होते.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले सायबरकडं जा. 1930 ला फोन केला. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवले, करारावर सही तुमची, हे दिवाणी प्रकरण. ग्राहक आयोगात सांगितलं की व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा 2019 च्या कायद्यात बसत नाही. लघुउद्योगांच्या समाधान पोर्टलवर थकलेलं बिल वसूल करायला विकणारा जाऊ शकतो, घेणाऱ्याला तिथं दारच नाही. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, ‘पण बॉट चालत होता ना?’ चालत होता हो! एकानंही नववं पान उघडून पाहिलं नाही. छोट्या गावातल्या धंदेवाल्यानं जायचं कुठं?

करारात लिहून घ्या: सात दिवसांत तोच नंबर त्याच तक्रारीसाठी फोनवर किंवा चॅटवर परत आला तर पैसे नाहीत. माणूस मागितला आणि दिला नाही, तरी पैसे नाहीत. व्हॉइस नोट म्हणजे उत्तरच धरायचं.

आणि भांडण काढायच्या आधी सगळ्या चॅट उतरवून घ्या. ऑगस्टचं बिल थांबवल्याबरोबर त्यांनी आमचं डॅशबोर्डचं लॉगिन बंद केलं. माझ्याकडं फक्त जुलैच्या चॅट आहेत. मे-जूनच्या 71,892 रुपयांसाठी वकिलाला दाखवायला एक ओळही हातात नाही.